तक्त्याची बेरीज व गाळलेल्या ओळी

शालेय पोषण आहाराच्या हिशेबात इयत्ता पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास दररोज १०० ग्रॅम, तर सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यास १५० ग्रॅम तांदूळ धरावयाचा असतो. दोन्ही गटांची उपस्थिती एक्सेलच्या एकाच तक्त्यात लिहिण्याची पद्धत सोयीची आहे. मात्र एक गट वेगळा काढून त्याची बेरीज घेताना एक चूक वारंवार घडते. ती कशी टाळावी, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, तीन शाळांच्या एका दिवसाच्या उपस्थितीचा तक्ता आहे. ‘शाळा’, ‘गट’ व ‘उपस्थिती’ असे त्याचे तीन रकाने असून पहिली ओळ मथळ्याची आहे. पहिली ते पाचवीची उपस्थिती अनुक्रमे ४२, ५६ व ३५, म्हणजे १३३ आहे. सहावी ते आठवीची ३०, ३८ व २४, म्हणजे ९२ आहे. एकूण उपस्थिती २२५ झाली. पहिल्या गटास १३.३ किलो व दुसऱ्यास १३.८ किलो, असा मिळून २७.१ किलो तांदूळ लागतो.

आता कोणी तक्त्याखाली पुढील सूत्र लिहिले, असे समजू.

```
=SUM(C2:C7)
```

‘गट’ रकान्यावर फिल्टर लावून फक्त पहिली ते पाचवीच्या ओळी ठेवल्या, तरी हे सूत्र २२५ हाच आकडा दाखविते; कारण SUM दिसणाऱ्या व न दिसणाऱ्या ओळींत भेद करीत नाही. त्या आकड्यावरून पहिल्या गटास २२.५ किलो व दुसऱ्यास ३३.७५ किलो तांदूळ निघेल. म्हणजे २७.१ किलोऐवजी ५६.२५ किलोची मागणी जाईल. पडद्यावर तीनच ओळी दिसत असल्याने ही चूक सहसा लक्षात येत नाही.

यावर उपाय असा. तक्त्यातील कोणत्याही घरात थांबून Ctrl+T दाबावे, म्हणजे साध्या यादीचा एक्सेल-तक्ता होतो. नंतर Table Design या पट्टीवरील Total Row या चौकटीत खूण करावी. तक्त्याखाली बेरजेची ओळ येते. ‘उपस्थिती’ खालील घरातील बाणावर टिचकी देऊन Sum निवडल्यास तेथे आपोआप पुढील सूत्र बसते.

```
=SUBTOTAL(109,[उपस्थिती])
```

हे सूत्र फिल्टरने गाळलेल्या ओळी सोडून बेरीज करते. पहिला गट निवडला की १३३, दुसरा निवडला की ९२ व फिल्टर काढला की २२५ असे आकडे मिळतात. ‘गट’ रकान्याखाली Count निवडावे, म्हणजे किती ओळी मोजल्या तेही समजते. फिल्टर लावल्यावर तेथे ३ दिसले पाहिजेत. दोन्ही गटांच्या बेरजा मिळून २२५ होतात की नाही, ही शेवटची पडताळणी होय.

येथे आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ओळ फिल्टरने गाळली जाणे व ती हाताने Hide करून दडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सूत्रात १०९ ऐवजी ९ हा अंक घातला, तरी फिल्टरने गाळलेल्या ओळी सुटतात. परंतु हाताने दडविलेल्या ओळी मात्र मोजल्या जातात. १०९ दोन्ही प्रकारच्या ओळी सोडतो. फिल्टर नसताना छपाईसाठी दुसऱ्या शाळेची ३८ विद्यार्थ्यांची ओळ दडविली, तर ९ घातल्यास २२५ व १०९ घातल्यास १८७ मिळतील. ती ओळ उघडण्यास विसरल्यास त्या मुलांचा ५.७ किलो तांदूळ मागणीतून गळेल. म्हणून ज्या कार्यालयात ओळी दडवून छपाई करण्याची सवय आहे, तेथे बेरजेच्या ओळीतील १०९ बदलून ९ करणे श्रेयस्कर. दडविलेली ओळ ओळखण्याची खूण सोपी आहे : डाव्या कडेचे ओळींचे क्रमांक सलग नसतात. फिल्टर लावलेला असल्यास ते क्रमांक निळे दिसतात.

एखाद्या घरात #N/A अशी त्रुटी असल्यास SUBTOTAL बेरीज न देता तीच त्रुटी दाखविते. एक्सेल २०१० पासून असलेले पुढील सूत्र दडविलेल्या ओळी व त्रुटी या दोहोंस वगळते.

```
=AGGREGATE(9,7,C2:C7)
```

यातील ९ म्हणजे बेरीज व ७ म्हणजे ही दुहेरी वगळणी. तथापि, त्रुटी वगळली म्हणजे त्या शाळेची मुलेही वगळली जातात. यास्तव मागणीपत्रकासाठी हे सूत्र न वापरता शाळेकडून आकडा मागवून ते घर आधी दुरुस्त करावे व मगच बेरीज घ्यावी.