पाकिटाचं वजन हळूहळू घसरतंय, हे आधी कसं ओळखायचं?

मैत्रिणींनो, आपल्या पॅकिंग युनिटमध्ये वजन तपासतो कोण, असं विचारलं तर सगळ्याच हात वर करतात. मधूनमधून एक पाकीट उचलायचं, काट्यावर ठेवायचं, बरोबर दिसलं की पुढे जायचं. या पद्धतीने एखादं फारच हलकं पाकीट सापडतं. पण रोज थोडं थोडं घसरणारं वजन सापडत नाही. त्यासाठी कंट्रोल चार्ट लागतो. १९२४ साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी तो पहिल्यांदा काढला. आपल्याला चौकडीची वही, पट्टी आणि मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर एवढ्यावर तो जमतो.

उदाहरण म्हणून कांदा-लसूण मसाल्याचं २०० ग्रॅमचं पाकीट घेऊ. हॉपरमधला मसाला स्क्रू फिरून पाकिटात पडतो, असं भरणी मशीन आहे असं धरू. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एकेक पाकीट ठरलेल्या सवलतीपेक्षा जास्त कमी भरू नये. २०० ग्रॅमला ही सवलत ९ ग्रॅमची आहे, म्हणजे १९१ च्या खाली एकही नको. आणि तपासलेल्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी नको. बहुतेक जणी पहिली गोष्ट बघतात. घसरण मात्र दुसरीत लपलेली असते.

नमुना असा घ्यायचा. दर तासाला मशीनमधून लागोपाठ निघालेली पाच पाकिटं घ्यायची. निवडून नाही, आणि हलकं वाटलं म्हणून बदलून तर मुळीच नाही. हलकं पाकीट गुपचूप बाजूला केलं की चार्ट खोटं बोलायला लागतो. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा, पंख्याच्या वाऱ्यात नसावा, आणि रिकाम्या पाऊचचं वजन वजा केलेलं असावं.

समजा वजनं आली २०३, २०१, २०४, २००, २०२. बेरीज १०१०, भागिले पाच, सरासरी २०२. सगळ्यात जड २०४ आणि सगळ्यात हलकं २००, त्यांच्यातला फरक ४. वहीत हे दोनच आकडे लागतात, सरासरी आणि फरक.

मशीन नीट चालत असताना अशा वीस फेऱ्यांची नोंद करा. तीन दिवसांत होतात. समजा वीस सरासऱ्यांची मिळून सरासरी २०२ आली, आणि वीस फरकांची सरासरी ४. पाच पाकिटांच्या नमुन्यासाठी संख्याशास्त्राच्या कोष्टकात ०.५८ हा ठरलेला आकडा आहे. ४ ला त्याने गुणलं की २.३ येतात. २०२ वर मधली रेघ ओढा, २.३ मिळवून २०४.३ वर वरची आणि वजा करून १९९.७ वर खालची. फरकासाठी खाली वेगळा छोटा तक्ता काढा. त्याची मधली रेघ ४ वर, आणि ४ ला २.११ ने गुणून वरची रेघ साधारण ८.५ वर. त्याला खालची रेघ लागत नाही.

या रेघा कायद्याच्या नाहीत, आपल्याच मशीनच्या आहेत, हे लक्षात ठेवा. मशीन ठीक असताना सरासरी एवढी हलतेच, असं त्या सांगतात. म्हणून एक ठिपका २०१.३ वर आला की लगेच स्क्रूची सेटिंग फिरवू नये. एकीने वाढवायचं, पुढच्या तासाला दुसरीने कमी करायचं, याने वजन उलट जास्तच वरखाली होतं. ही खोड सगळ्यात जास्त दिसते, आणि ती कष्टाळू बाईलाच असते!

आता घसरण बघू. सोमवारी सकाळी नऊ ते बाराचे ठिपके २०२.४, २०१.७, २०२.६, २०२.१. जेवणानंतर २०१.५, २०१.२, २००.९, २००.६. मंगळवारी सकाळी २०१.०, २००.७, २००.३ आणि बारा वाजता २००.१. एकही ठिपका खालच्या रेघेबाहेर नाही. एकही पाकीट १९१ च्या जवळपास नाही. मधूनमधून तपासणारीला सगळं छान दिसलं असतं.

पण मोजून बघा, लागोपाठ आठ ठिपके मधल्या रेघेच्या खाली आहेत. नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा काटाच पडावा, असं हे आहे. २५६ वेळांत एकदा होणारी गोष्ट. म्हणून नियम असा की एक ठिपका रेघेबाहेर गेला किंवा लागोपाठ आठ एकाच बाजूला आले, तर थांबायचं आणि कारण शोधायचं. सरासरी २००.१ वर आली म्हणजे जवळजवळ निम्मी पाकिटं २०० पेक्षा कमी भरत आहेत. आणखी एक दिवस गेला असता तर सरासरीच २०० च्या खाली गेली असती.

शोधताना पहिला संशय काट्यावर. वैधमापनाचा शिक्का असलेलं २०० ग्रॅमचं वजन ठेवून बघा. काटा बरोबर असेल तर खालचा फरकाचा तक्ता बघा. आपल्या उदाहरणात तो ४ च्या आसपासच आहे. म्हणजे पाकिटं आपसात पूर्वीसारखीच सारखी आहेत, फक्त सगळी मिळून खाली सरकली आहेत. सगळ्यांना सारखंच लागू होणारं कारण हवं. फरकच वाढला असता तर कारण वेगळं असतं, जसं हॉपर कधी भरलेला तर कधी तळाला गेलेला, किंवा मसाल्यात गोळे.

घसरणीचा आकारही बोलतो. पाऊचचा नवा गठ्ठा पातळ निघाला आणि काट्यावर जुनंच पाऊच वजा होत राहिलं, तर ठिपके एकदम पायरीसारखे सरकतात. इथे ते हळूहळू उतरले. कांदा-लसूण मसाला तेलकट असतो. स्क्रूवर आणि हॉपरच्या भिंतीला त्याचा थर बसत जातो आणि दर फेऱ्याला थोडा कमी माल पडतो. स्क्रू काढून, पुसून, कोरडा करून बसवला आणि पुढचा ठिपका २०२.३ वर आला, की कारण पक्कं झालं. सेटिंगला हातही लावावा लागला नाही. सेटिंग वाढवून भागवलं असतं, तर स्क्रू साफ झाल्यावर प्रत्येक पाकिटात जादा मसाला गेला असता. पाकिटामागे २ ग्रॅम म्हटलं तरी ५०० पाकिटांना एक किलो होतो.

अहवालात नुसतं 'वजन ठीक' लिहू नका. चार्टचा फोटो लावा आणि ठिपक्याशेजारी लिहा: 'मंगळवार, १२ वाजता, आठवा ठिपका खाली. काटा तपासला, बरोबर. स्क्रूला थर, साफ केला. पुढची सरासरी २०२.३.' तीन-चार महिन्यांच्या अशा नोंदी चाळल्या की स्क्रू किती दिवसांनी साफ करायचा ते आपोआप कळतं.

हाताने भरून प्रत्येक पाकीट काट्यावरच कमी-जास्त करत असाल, तर हा चार्ट फारसं काही सांगणार नाही. तिथे रोज सकाळी काटा तपासणं जास्त कामाचं. आणि १०० ग्रॅमच्या पाकिटाला वेगळा चार्ट काढा. मशीन दुरुस्त झालं किंवा मसाल्याची दळण बदलली, तर पुन्हा वीस फेऱ्या घेऊन रेघा नव्याने ओढा.