क्रिएटिनिनची तुलना स्वतःशीच

किडनीच्या दीर्घकालीन आजाराच्या रुग्णाकडे रिपोर्टांची एक फाइल असते आणि दर तीन-चार महिन्यांनी ती जाड होत जाते. प्रत्येक कागदावर रुग्णाच्या आकड्यासमोर निरोगी माणसाची मर्यादा छापलेली असते. आकडा तिच्याबाहेर गेला की ठळक होतो. पण ज्याची किडनी आधीच निम्म्याहून कमी काम करते आहे, त्याचं क्रिएटिनिन दर वेळी ठळकच छापलं जाणार. त्यातून त्याला नवं काहीच कळत नाही. गेल्या वेळेपेक्षा, गेल्या वर्षापेक्षा आपला आकडा कुठे सरकला, हे त्याला हवं असतं, आणि ते सगळे आकडे एकाखाली एक लिहिल्याशिवाय दिसत नाही.

लिहायला बसलं की पहिली अडचण लगेच समोर येते. वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकाच भाषेत नसतात. बासष्ट वर्षांच्या, मधुमेह असलेल्या एका गृहस्थांचं उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते रचलेले आहेत, पण असे कागद घरोघरी सापडतील. जानेवारीच्या रिपोर्टात ‘ब्लड युरिया ६४’ आहे आणि मे महिन्यात दुसऱ्या लॅबच्या कागदावर ‘बीयूएन ३१’. घरच्यांना वाटतं, युरिया निम्म्यावर आला. प्रत्यक्षात बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं माप. त्याला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो, म्हणजे इथे ६६. निम्मा होणं दूरच, तो होता तिथेच आहे. तक्त्यात या दोन्हींपैकी एकच माप ठेवायचं आणि दुसरं त्यात बदलून घ्यायचं.

ईजीएफआरची गफलत याहून लपलेली असते. किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते याचा हा अंदाज. तो थेट मोजत नाहीत, क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढतात. सूत्रं मात्र अनेक आहेत. आपल्या गृहस्थांचं जानेवारीतलं क्रिएटिनिन १.८ होतं आणि लॅबने २०२१च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ईजीएफआर ४२ छापला. मे महिन्यात क्रिएटिनिन १.९ आलं. दुसरी लॅब जुनं एमडीआरडी सूत्र वापरत होती, तिने ३६ छापला. चार महिन्यांत सहाने घसरण! पण १.९ हाच आकडा २०२१च्या सूत्रात घातला तर ३९ येतो. अर्धी घसरण किडनीची नव्हतीच, सूत्र बदलल्याची होती. म्हणून कागदावर छापलेला ईजीएफआर उतरवून घेऊ नये. तक्त्यात क्रिएटिनिन जसंच्या तसं लिहावं आणि ईजीएफआर सगळ्या ओळींसाठी एकाच सूत्राने नव्याने काढावा. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या संकेतस्थळावर त्यासाठी गणकयंत्र आहे. वय मात्र त्या-त्या तपासणीच्या दिवसाचं घालायचं.

तारीखही रक्त दिल्याची लिहावी, रिपोर्ट छापल्याची नाही. संगणकावर तक्ता करत असाल तर महिना अक्षरात लिहिलेला बरा, कारण ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे, हे काही संगणक आपापल्या सवयीने ठरवतात आणि मग ओळींचा क्रमच उलटसुलट होतो.

एवढं केल्यावर त्या गृहस्थांचा दीड वर्षाचा तक्ता असा दिसतो:

| रक्त दिल्याचा महिना | क्रिएटिनिन | ईजीएफआर | नोंद |
|---|---|---|---|
| जानेवारी २०२४ | १.८ | ४२ | |
| मे २०२४ | १.९ | ३९ | लॅब बदलली |
| ऑगस्ट २०२४, सुरुवात | २.९ | २४ | चार दिवस जुलाब. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक |
| ऑगस्ट २०२४, अखेर | २.१ | ३५ | गोळी बंद, जुलाब थांबले |
| डिसेंबर २०२४ | १.९ | ३९ | |
| एप्रिल २०२५ | २.० | ३७ | मार्चमध्ये टेल्मिसार्टन सुरू |
| जुलै २०२५ | २.० | ३७ | |

शेवटचा रकाना झाकून हा तक्ता वाचून पाहा. ऑगस्टमधला २४ काळजात धस्स करतो, आणि घरात डायलिसिसचं बोलणं सुरू होतं. रकाना उघडला की कारण समोर दिसतं. जुलाबांनी शरीरातलं पाणी गेलं, त्यात वेदनाशामक गोळीने किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आणखी कमी केला, आणि आजारी किडनीला तो दुहेरी मार सोसला नाही. हा अचानक बसलेला धक्का होता; जुन्या आजाराची चाल वेगळी आणि बरीच संथ आहे. माझ्या मते नोंदीचा हा रकाना आकड्यांपेक्षाही जपायला हवा, कारण आकडे लॅबकडून पुन्हा मिळतील, पण त्या आठवड्यात जुलाब झाले होते हे वर्षभराने कुणालाही आठवणार नाही. ताप, उलट्या, नवी गोळी, बंद केलेली गोळी, आयुर्वेदिक काढा, आदल्या रात्रीचं मटण (शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं), सगळं तिथे लिहावं.

मग कोणता बदल खरा मानायचा? तब्येत तशीच असतानाही क्रिएटिनिन थोडंफार हलतंच. शरीर रोज सारखं नसतं आणि यंत्रालाही थोडी चूक असते. किडनीविकारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आखणाऱ्या ‘केडिगो’ने २०२४ मध्ये म्हटलं आहे की दोन तपासण्यांमध्ये ईजीएफआर वीस टक्क्यांहून जास्त बदलला तर तो नेहमीच्या चढउतारापलीकडचा समजून कारण शोधावं. ४२वरून ३९ ही सात टक्के घट आहे. एकट्या त्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. ३९वरून २४ मात्र अडतीस टक्के, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

एप्रिलची ओळ वेगळ्या कारणाने जपून वाचायची. टेल्मिसार्टनसारखी औषधं किडनीच्या गाळण्यांतला दाब उतरवतात, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं. पहिल्या चार आठवड्यांत ते तीस टक्क्यांपर्यंत वाढलं तरी सहसा औषध चालूच ठेवतात, पोटॅशियमवर मात्र लक्ष ठेवतात. इथे वाढ जेमतेम पाच टक्के आहे. तरीही ‘गोळी घेतल्यावर किडनी बिघडली’ म्हणून ती मनानेच बंद करणारे रुग्ण असतात, आणि किडनीला आधार देणारं औषधच हातचं जातं.

पोटॅशियमच्या रकान्यात आणखी एक सापळा आहे. रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं आणि आकडा खोटाच चढतो. नमुना ‘हिमोलाइज्ड’ असल्याची ओळ रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. तीही नोंदीत उतरवावी. पण चढलेलं पोटॅशियम खोटंच असेल असं घरी ठरवू नये. ते जिवावर बेतू शकतं, त्यामुळे चाचणी लगेच पुन्हा करायची.

धक्क्याची ओळ बाजूला ठेवली तर ४२वरून ३७, दीड वर्षात पाच. म्हणजे वर्षाला साधारण तीन-साडेतीन. वर्षाला पाचाहून अधिक अशी सतत घसरण झाली तर तिला वेगवान म्हणतात. ही त्याखाली आहे. मात्र याच वेगाने पट्टी पुढे ओढून ‘अमुक साली डायलिसिस’ असा हिशेब मांडू नये. मधुमेह, रक्तदाब बदलले की रेषा वाकते. शिवाय रुग्ण खंगला, स्नायू झडले, तर क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि ईजीएफआर सुधारल्यासारखा दिसतो. म्हणून तक्त्यात वजनाचाही रकाना हवा.

आणि एक रकाना लघवीचा. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी असलेलं प्रमाण किडनीचा पुढचा वेग सांगायला फार उपयोगी पडतं, तरी घरगुती तक्त्यांत तोच कोरा असतो, कारण रक्त देताना लघवीची चाचणी राहून जाते. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून ही चाचणी चिठ्ठीवर लिहून घ्यावी.