साडेतीनची फॅट आणि टिकीट ३१८

सकाळी पावणेसातला फोन वाजला. दूध संकलन केंद्राचे सचिव बोलत होते. "ताई, साडेतीनच्या फॅटला खालच्या पट्टीचा दर लागतोय. तीन सभासद पावत्या घेऊन उभेत दारात."

गायीच्या दुधाचा दर ठरतो फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांवर. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे त्याचे नेहमीचे माप. त्या संघाच्या दरपत्रकात ३.५ किंवा त्याहून जास्त फॅटला मूळ दर होता आणि त्याखाली लिटरमागे एक रुपया कमी. आमच्या प्रोग्रॅमने बरोबर ३.५ आलेल्या दुधालाही एक रुपया कमी लावला होता. वीस लिटर घालणाऱ्याचे एका वेळेला वीस रुपये गेले होते.

अशी चूक पुढच्या महिन्याच्या नव्या आवृत्तीपर्यंत थांबवून ठेवता येत नाही. चालू आवृत्तीत तेवढीच एक गोष्ट बदलून लगेच पाठवायची, याला सॉफ्टवेअरच्या धंद्यात हॉटफिक्स म्हणतात. दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. ती पाठवताना चूक क्वचितच होते, घोटाळा होतो तो पाठवून झाल्यावर. आमचाही तसाच झाला.

सचिवांचा फोन ठेवताच टिकीट उघडले, क्रमांक ३१८. त्यात पहिल्या चार गोष्टी लिहिल्या: कोणते केंद्र, कोणती आवृत्ती (४.२.०), कोणत्या पावतीवर काय छापले आणि काय छापायला हवे होते. एका पावतीचा फोटो मागवून जोडला. दुरुस्तीला हात लावण्याआधी हे करायचे, कारण तीन आठवड्यांनी "ही तीच चूक की दुसरी?" असा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर त्या फोटोतच असते.

पुढचा प्रश्न, दुरुस्ती कुठे करायची? आमचा सगळा कोड गिटमध्ये असतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली ही प्रणाली कोडचा प्रत्येक बदल, म्हणजे कमिट, जपून ठेवते आणि एकाच कोडच्या अनेक शाखा शेजारी शेजारी चालू ठेवू देते. विन्सेंट ड्रीसेन यांनी २०१० मध्ये मांडलेली शाखांची पद्धत आमच्यासारखी पुष्कळ मंडळी वापरतात. तिच्यात `main` शाखेवर गिऱ्हाइकाकडे गेलेला कोड असतो, `develop` वर पुढचे काम चाललेले असते, आणि नवी आवृत्ती निघायच्या बेतात असली की तिच्यासाठी `release` शाखा काढतात.

`develop` वर त्या वेळी दरपत्रकाचा अख्खा भाग नव्याने लिहिणे चालू होते. तिथे दुरुस्ती करून पाठवली असती तर ते अर्धवट कामही केंद्रांवर गेले असते. म्हणून हॉटफिक्सची शाखा काढली ती केंद्रांवर चालू असलेल्या नेमक्या आवृत्तीच्या खुणेवरून:

```
git checkout -b hotfix/4.2.1 v4.2.0
```

आधी एक छोटी चाचणी लिहिली: ३.५ फॅट दिली तर मूळ दर यायला हवा. ती चालवली, नापास झाली. ती नापास झाल्यावरच आपण त्याच चुकीवर बोट ठेवले आहे याची खात्री झाली. मग दुरुस्ती. प्रोग्रॅममध्ये फॅट दहापट करून, पूर्णांकात ठेवलेली असते.

```
- if fat > 35:
+ if fat >= 35:
```

चाचणी पास झाली. संध्याकाळच्या संकलनाला ४.२.१ फक्त त्या एका केंद्रावर चढवली, पावत्या हाताने ताडून पाहिल्या, आणि रात्री बाकीच्या केंद्रांवर पाठवली. आधीच्या तीन दिवसांच्या पावत्यांतला फरक नव्या कोडने आपोआप भरून निघणार नव्हता. त्यासाठी टिकिटात वेगळी नोंद केली आणि दहा दिवसांच्या बिलात ती रक्कम जमा झाली.

हॉटफिक्सची शाखा `main` मध्ये मिसळली, `develop` मध्ये मिसळली, आणि टिकीट बंद केले.

तेविसाव्या दिवशी ४.३.० बाहेर पडली. दुसऱ्या सकाळी त्याच सचिवांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते, आवाज फक्त थकलेला होता. "ताई, परत तेच."

हॉटफिक्सच्या आधी पाच दिवस आम्ही `release/4.3` ही शाखा काढून ठेवली होती. तिच्यात दुरुस्ती मिसळायचे राहून गेले. ड्रीसेन यांच्या पद्धतीत यासाठी स्पष्ट नियम आहे: `release` शाखा उघडी असेल तर हॉटफिक्स तिच्यात मिसळायचा, तिथून तो यथावकाश `develop` मध्ये येतो. काहींना वाटेल, `release` शेवटी `main` मध्ये मिसळतेच, आणि `main` वर दुरुस्ती होती, मग ती टिकायला हवी. मिसळल्यावर ती टिकलीही असती. पण आम्ही पॅकेज थेट `release/4.3` वरून बांधून केंद्रांवर पाठवत होतो, `main` मध्ये मिसळणे त्यानंतर होई. अशा घरात राहिलेली दुरुस्ती थेट गिऱ्हाइकाच्या दारात उघडी पडते.

ही चूक केवळ छोट्या गटांची नाही. ॲपलने १३ मे २०१९ रोजी आयओएस १२.३ मध्ये आयफोनच्या गाभ्यातली एक गंभीर त्रुटी बुजवली. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधले नेड विल्यमसन यांनी ती कळवली होती, आणि तिचा जाहीर क्रमांक CVE-2019-8605. २२ जुलैला आयओएस १२.४ आली आणि तिच्यात ती त्रुटी पुन्हा उघडी होती. तिचा आधार घेऊन फोनचे कुलूप तोडणारे साधन ऑगस्टमध्ये जाहीरपणे फिरू लागले. २६ ऑगस्टला १२.४.१ काढून ॲपलने तोच क्रमांक दुसऱ्यांदा दुरुस्त केला. बुजवलेली त्रुटी परत येणे नव्या त्रुटीपेक्षा घातक असते, कारण तोवर तिचा तपशील जगजाहीर झालेला असतो.

टिकीट ३१८ पुन्हा उघडले. आता "आणखी कुठे राहिले?" हे शोधायचे होते. दुरुस्तीच्या कमिटचा क्रमांक देऊन गिटला विचारता येते की ती कोणकोणत्या शाखांत पोचली आहे:

```
git branch -r --contains 7c1e9d4
```

उत्तरात `main` होती, `develop` होती, `release/4.3` नव्हती. तिथे दुरुस्ती मिसळली, ४.३.१ पाठवली. काम संपले असे वाटत असताना आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी फक्त यादीवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी ती छोटी चाचणी `develop` वर चालवली. नापास.

गिट सांगत होते की दुरुस्ती `develop` मध्ये आहे. पण `develop` वर दर काढण्याचा भाग नव्या फाइलमध्ये हलवलेला होता. मिसळताना दोन्हीकडचे बदल एकमेकांवर आदळले, गिटने निवड विचारली, आणि ज्याने मिसळले त्याने नव्या फाइलची बाजू ठेवली. जुनी फाइल तर जाणारच होती! इतिहासात दुरुस्तीची नोंद झाली, कोडमध्ये मात्र जुना `>` नव्या फाइलमध्ये तसाच राहिला. चाचणीची फाइल मिसळून आली होती, पण `develop` वर अर्धवट कामामुळे इतर पाच-सहा चाचण्या आधीच नापास होत्या आणि तिचे लाल अक्षर त्यांच्यात हरवले. कमिट पोचली म्हणजे दुरुस्ती पोचली असे नाही, हे मला त्या दुपारी कळले. शाखांची यादी कुठे बघायचे ते सांगते. दुरुस्ती तिथे खरोखर आहे का, हे चाचणीच सांगते.

मग त्या उलट दिशेने गेल्या. चूक मुळात आली कधी? ज्या कमिटने `>` लिहिला ती शोधून विचारले, ती कोणकोणत्या पाठवलेल्या आवृत्त्यांत आहे:

```
git tag --contains a41c7e2
```

यादीत ४.२.० च्याही आधी एक नाव निघाले, `v4.1.3`. ही जुनी आवृत्ती नऊ केंद्रांवर चालू होती, तिथले संगणक नवी आवृत्ती पेलत नसल्यामुळे. तिथून एकही तक्रार नव्हती. कारण साधे होते: त्या नऊ केंद्रांवर म्हशीचे दूध येते. म्हशीच्या दुधाची फॅट सहाच्या आसपास किंवा वर असते, साडेतीनची वेळच येत नाही. कुणी गायीचे दूध घ्यायला सुरुवात करीपर्यंत चूक तिथे निवांत पडून राहिली असती. हा शोध खरे तर पहिल्याच सकाळी, दुरुस्तीच्या आधी व्हायला हवा होता.

४.१ च्या शाखेत हॉटफिक्सची शाखा मिसळता येत नव्हती, कारण तिच्यासोबत ४.२ चे सगळेच आले असते. अशा वेळी एकच कमिट उचलून आणतात:

```
git cherry-pick -x 7c1e9d4
```

उचललेल्या कमिटला नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे मघाचा `--contains` चा प्रश्न तिला ओळखत नाही आणि "दुरुस्ती नाही" असे खोटेच सांगतो. `-x` मुळे संदेशात मूळ क्रमांकाची ओळ आपोआप लिहिली जाते, मग `git log --grep=7c1e9d4` ने ती सापडते.

लिनक्सच्या गाभ्याचे काम करणारे हीच गोष्ट वेगळ्या क्रमाने करतात. तिथे जुन्या, स्थिर आवृत्त्यांत दुरुस्ती घ्यायची तर ती आधी मुख्य धारेत गेलेली असावी लागते. लिहिणारा संदेशात `Fixes:` या शब्दापुढे चूक आणणाऱ्या कमिटचा क्रमांक देतो, म्हणजे ती कुठवर मागे न्यायची ते कळते. जुन्या शाखेत ती चपखल बसली नाही तर लिहिणाऱ्याला तसे कळवणारी मेल जाते. या क्रमात पुढच्या आवृत्तीतून दुरुस्ती गळण्याचा धोका खूप कमी होतो. आम्हाला तो जसाच्या तसा घेता आला नाही. `develop` वरचा भाग इतका बदललेला होता की तिथली दुरुस्ती वेगळी लिहावी लागली, आणि सभासद पावत्या घेऊन दारात उभे असताना आधी `develop` नीट करत बसणे मला आजही पटत नाही.

मात्र `Fixes:` ची ओळ आम्ही घेतली. टिकिटाचा नमुनाही बदलला. हॉटफिक्सचे टिकीट उघडले की चूक आणणारी कमिट शोधून, ती जिथे जिथे आहे त्या प्रत्येक जिवंत शाखेची एक ओळ टिकिटात येते. ओळीपुढे तीन रकाने: दुरुस्ती कोणत्या कमिटने आली, चाचणी त्या शाखेवर पास झाली का, आणि केंद्रांवर कधी पोचली. एखाद्या शाखेला दुरुस्ती लागत नसेल तर रकाना रिकामा सोडायचा नाही, का लागत नाही ते लिहायचे. केंद्रांवर पोचली की टिकिटाची तातडी उतरते, पण टिकीट उघडेच राहते.

३१८ मध्ये चार ओळी झाल्या. `main`, `release/4.3` आणि `develop` त्याच आठवड्यात भरल्या. ४.१ ची ओळ रेंगाळली, कारण त्या नऊपैकी दोन केंद्रांवर इंटरनेट नव्हते आणि पेनड्राइव्ह घेऊन जावे लागले. शेवटच्या केंद्रावर मी स्वतः गेले. पावती छापून पाहायला गायीचे दूध तिथे नव्हतेच, म्हणून यंत्र बाजूला ठेवून फॅटचा आकडा हाताने टाकला, ३.५. मूळ दर छापून आला. त्या पावतीचा फोटो पहिल्या सकाळच्या फोटोशेजारी जोडला आणि टिकीट बंद केले.