चार मीटरची रेघ

भारतातल्या मोटारींचे वर्ग ४,००० मिलिमीटरवर आखलेल्या एका रेघेभोवती जमले आहेत, आणि ही रेघ कराची आहे. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचे अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. छोटी मोटार म्हणजे चार मीटरपेक्षा लांब नसलेली, आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत असलेली. पुढे वस्तू व सेवा कर आला, तरी हीच व्याख्या टिकली. सप्टेंबर २०२५पासून या व्याख्येत बसणाऱ्या मोटारीवर १८ टक्के आणि न बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल मोटारीवर ४० टक्के कर लागतो. एवढा फरक समोर असताना कारखानदार मोटारीची लांबी ३,९९० किंवा ३,९९५ मिलिमीटरवर आणून थांबवतात, यात नवल नाही. म्हणूनच वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या कितीतरी मोटारी लांबीला जवळजवळ सारख्या निघतात.

या रेघेने काय केले, ते डिझायरच्या डिकीत दिसते. २००८ साली आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४,१६० मिलिमीटर लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ साली तीच मोटार ३,९९५ मिलिमीटरची झाली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. आजची डिझायर आणि आजची स्विफ्ट शेजारी उभ्या केल्या तर हिशोब आणखी स्पष्ट होतो. दोन्हींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, २,४५० मिलिमीटरच आहे. रुंदीही १,७३५ मिलिमीटरच. डिझायर १३५ मिलिमीटरने लांब आहे, पण ती सगळी लांबी मागच्या चाकामागे डिकीत गेली आहे. सेडान घेतली म्हणून मागच्या सीटवर जास्त ऐसपैस बसता येईल, ही समजूत इथे खरी ठरत नाही. जास्त मिळते ते सामानाला.

असाच प्रकार उलट दिशेनेही घडतो. बलेनो ‘प्रीमियम हॅचबॅक’ म्हणून विकली जाते आणि फ्रॉन्क्स एसयूव्हींच्या रांगेत उभी असते. बलेनोची लांबी ३,९९० आणि फ्रॉन्क्सची ३,९९५ मिलिमीटर. व्हीलबेस दोन्हींचा २,५२०. फ्रॉन्क्स २० मिलिमीटरने रुंद आणि ५० मिलिमीटरने उंच आहे, पण तिची डिकी बलेनोपेक्षा दहा लिटरने लहान, म्हणजे ३०८ लिटरची आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर जमिनीपासूनची जास्तीची उंची उपयोगाची आहेच आणि तेवढ्यासाठी फ्रॉन्क्स घेणे पूर्णपणे रास्त आहे. मात्र बलेनोत जागा पुरत नाही म्हणून जो फ्रॉन्क्सकडे वळतो, त्याचे पैसे जातात आणि अडचण घरीच राहते.

गोंधळ वाढतो तो ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दामुळे. ३,९९५ मिलिमीटरच्या ब्रेझाला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात आणि ४,३३० मिलिमीटरच्या क्रेटालाही कोणी कॉम्पॅक्ट तर कोणी मिडसाइझ म्हणतात. ए, बी, सी अशी युरोपातून आलेली अक्षरेही फारशी मदत करत नाहीत, कारण त्यांना मिलिमीटरची पक्की मोजपट्टी नाही. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या मोटारींचे ते ढोबळ गट आहेत. साडेचार मीटरहून लांब असलेली होंडा सिटी भारतात बराच काळ सी वर्गातली मानली गेली, बाहेर मात्र तिची गणना छोट्या मोटारींच्या बी वर्गात होते. करावरूनही आकार ओळखता येत नाही. ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे असल्यामुळे तिला छोट्या मोटारीची सवलत मिळत नाही.

तेव्हा पाटी बाजूला ठेवून माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरचे आकडे वाचावे लागतात. त्यातले तीन आकडे बहुतेक सगळे सांगून जातात. व्हीलबेसवरून पाय पसरायला किती वाव असेल याचा अंदाज येतो, कारण माणसे बसण्याची जागा साधारणपणे दोन चाकांच्या मधेच असते. रुंदीवरून मागे तिघे कसे बसतील ते कळते. उंचीवरून आत शिरताना किती वाकावे लागेल ते कळते. लांबी हा सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा आकडा आहे, पण बसणाऱ्याच्या दृष्टीने तोच सगळ्यांत कमी कामाचा. तो पार्किंगसाठी आणि करासाठी महत्त्वाचा.

ब्रेझा आणि क्रेटा यांची तुलना या दृष्टीने फार बोलकी आहे. शोरूममध्ये क्रेटा एक पायरी वरची म्हणून दाखवली जाते आणि लांबीने ती आहेही, ३३५ मिलिमीटरने. त्यातले फक्त ११० मिलिमीटर व्हीलबेसमध्ये गेले आहेत. उरलेले २२५ चाकांच्या पुढे आणि मागे आहेत. डिकी ३२८ लिटरवरून ४३३ लिटरवर जाते ती मुख्यतः त्यामुळे. रुंदी मात्र दोन्हींची अगदी सारखी, १,७९० मिलिमीटर. मागे बसणाऱ्या उंच माणसाच्या गुडघ्यांना क्रेटात आराम मिळेल, लांबच्या प्रवासाच्या बॅगा नीट मावतील. पण ‘मागे तिघे बसले की खांद्याला खांदा लागतो’ ही तक्रार असेल, तर वरच्या वर्गात जाऊनही ती फारशी सुटणार नाही. १,८०४ मिलिमीटरची नेक्सॉन किंवा १,८२१ मिलिमीटरची एक्सयूव्ही ३एक्सओ या चार मीटरच्या आतल्या मोटारी क्रेटापेक्षा रुंद आहेत. अर्थात बाहेरची रुंदी म्हणजे आतली रुंदी नव्हे. दरवाजे जाड असले, चाकांवरचे पत्रे बाहेर काढलेले असले, की बाहेरचे काही सेंटीमीटर आत पोहोचतच नाहीत. म्हणून हा आकडा फक्त कोणत्या मोटारी पाहायला जायचे ते ठरवतो. शेवटचा निर्णय तिघांना प्रत्यक्ष बसवून करायचा असतो.

डिकीच्या लिटरांबाबत जरा जास्त सावध राहावे. कोणी मागच्या सीटच्या पाठीपर्यंतची जागा मोजतो, कोणी छतापर्यंत भरून मोजतो, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना फसवी ठरू शकते. शिवाय लिटर सारखे असले तरी डिकीचे तोंड अरुंद किंवा उंबरा उंच असेल, तर मोठी बॅग आत जात नाही. सेडानमध्ये हे वारंवार घडते. सात आसनी छोट्या मोटारीत आणखी एक मेख आहे. चार मीटरच्या आतल्या ट्रायबरमध्ये तिसरी रांग काढून ठेवली तर ६२५ लिटर जागा मिळते, पण सातही आसने लावली की जेमतेम ८४ लिटर उरते. सात माणसे आणि त्यांचे सामान असा प्रवास नेहमीचा असेल, तर हा वर्ग त्यासाठी नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. नवराबायको, शाळेत जाणारी दोन मुले आणि गुडघे दुखणाऱ्या आजी असे घर आहे. सोसायटीतली पार्किंगची जागा २.३ मीटर रुंद, ४.५ मीटर लांब, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला खांब. घरात ‘एसयूव्हीच घ्यायची’ असे ठरले आहे.

लांबीचा प्रश्न आधी मिटतो. ४.५ मीटरच्या जागेत ब्रेझा उभी केली तर अर्धा मीटर उरतो; क्रेटा उभी केली तर १७ सेंटीमीटर. तीही मावते, पण मागे भिंत असेल तर डिकी उघडायला मोटार दर वेळी पुढे काढावी लागेल. खरी अडचण रुंदीची आहे. ब्रेझा उभी केल्यावर ५१ सेंटीमीटर उरतात. भिंतीकडे दहा सेंटीमीटर सोडून मोटार लावली, तर चालकाच्या बाजूला ४१ सेंटीमीटर राहतात. पंचसारख्या १,७४२ मिलिमीटर रुंद मोटारीत ते सुमारे ४६ होतात आणि १,६२० मिलिमीटरच्या वॅगन आरमध्ये ५८. खांबाशेजारी उभे राहून दरवाजा तेवढाच उघडून पाहिला, की ४१ आणि ५८ यांतला फरक ताबडतोब कळतो: एकात अंग चोरून, पोट आत घेऊन बाहेर यावे लागते, दुसऱ्यात सहज. माहितीपत्रकातल्या रुंदीत बाजूचे आरसे बहुधा धरलेले नसतात, हेही इथे लक्षात ठेवायचे. ते मिटवल्याशिवाय खांब चुकवणे कठीण.

आता आजी. त्यांच्यासाठी सीटची उंची महत्त्वाची. सीट इतकी खाली असता कामा नये की बसताना गुडघ्यांवर भार यावा, आणि इतकी वरही नको की पाय उचलून चढावे लागावे. मोटारीशेजारी उभे राहिल्यावर सीटची कड मांडीच्या जवळपास आली, तर माणूस सरळ मागे टेकून बसू शकतो. १,५०० मिलिमीटर उंचीची बलेनो या कसोटीला बहुधा उतरणार नाही. १,६७५ मिलिमीटरची वॅगन आर आणि १,६१५ मिलिमीटरची पंच उतरू शकतात, आणि या दोन मोटारी वर्गाच्या यादीत एकमेकींच्या जवळपासही नसतात. एक हॅचबॅक, दुसरी मायक्रो एसयूव्ही. या घरासाठी मात्र त्याच एकमेकींच्या खऱ्या प्रतिस्पर्धी आहेत, कारण अडचण उंच दरवाजाची आणि अरुंद जागेची आहे.

दोन्हींतून निवड मागच्या सीटवर होते. आधी चालकाने स्वतःची सीट आपल्या सोयीने लावायची आणि ती न हलवता स्वतःच तिच्या मागे बसून पाहायचे. मग आजी आणि दोन्ही मुले एकत्र मागे बसवायची. वॅगन आर बारा सेंटीमीटरने अरुंद आहे. मुले लहान असेपर्यंत ते चालते, ती मोठी झाल्यावर जाणवू लागते. पार्किंगच्या ४६ सेंटीमीटरमध्ये रोज निभावते की नाही, हे आपल्याच खांबाशेजारी पाहून घेतले, म्हणजे यातले कोणते पारडे जड ते घरच्यांना ठरवता येते. शोरूमची चाचणीची मोटार त्यासाठी सोसायटीत आणायला सांगावी.

पार्किंग यांत्रिक असेल, तर हा सगळा हिशोब उंचीवरून सुरू करावा लागतो. अशा जागेवर मोटारीची कमाल लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहिलेले असते. सेडानसाठी बनवलेल्या खालच्या कप्प्यात उंच हॅचबॅकही बसत नाही, मग तिची लांबी कितीही कमी असो. छतावर सामानाच्या पट्ट्या असतील, तर उंचीच्या आकड्यात त्या धरल्या आहेत की नाही ते विचारून घ्यावे, आणि शंका असली तर टेप लावून स्वतः मोजावे.