खोली साडेसहा हजारांची, बिल सतरा हजारांचं

महाबळेश्वरला शुक्रवार-शनिवार अशा दोन रात्री राहायचं आहे. माणसं तीन : नवरा-बायको आणि दहा वर्षांची मुलगी. हॉटेल एकच, खोलीही तीच, पण भाव तीन मिळतात. एका अ‍ॅपवर रात्रीला ६,५०० रुपये, दुसऱ्या साइटवर ७,२०० आणि थेट हॉटेलात फोन केला तर मॅनेजर म्हणतो, “आठ हजार, सगळं धरून.” आकडे नमुन्याचे आहेत, पण असे तीन भाव सुट्टीच्या दिवसांत हमखास दिसतात. बहुतेकांचा अंगठा साडेसहा हजारांवर पडतो.

त्या भावाखाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं असतं. पहिली गोष्ट ‘ईपी’. हॉटेलवाल्यांच्या भाषेत ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता व एक जेवण, आणि एपी म्हणजे नाश्ता व दोन्ही जेवणं. फोनवर बोलताना ही अक्षरं विचारली की समोरचा माणूस लगेच सरळ उत्तर देतो. ‘नाश्ता आहे का?’ या प्रश्नाला मात्र ‘आहे ना!’ असं उत्तर येतं आणि तो विकत आहे हे सकाळी कळतं.

तर साडेसहा हजारांच्या भावात नाश्ता नाही. हॉटेलचा बुफे मोठ्यांना ५५०, मुलीला ३००, म्हणजे सकाळी १,४०० रुपये. त्यावर कर. ज्या हॉटेलात एखादी तरी खोली रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर विकली जाते, तिथल्या रेस्टॉरंटला सहसा १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या हॉटेलासारखा ५ टक्के नाही. आपलं हॉटेल त्या वर्गातलं आहे असं धरू. दोन सकाळींचा नाश्ता ३,३०४ रुपयांना पडला. खोलीचे १३,००० आणि त्यावर ५ टक्के, म्हणजे ६५० रुपये कर. शेवटच्या पडद्यावर अ‍ॅपची ४०० रुपयांची ‘कन्व्हीनियन्स फी’ उगवते. बेरीज १७,३५४.

७,२०० च्या भावात दोघांचा नाश्ता आहे. खोलीचे १४,४००, कर ७२०, आणि मुलीच्या नाश्त्याचे दोन दिवसांचे करासह ७०८. बेरीज १५,८२८. रात्रीला सातशेने महाग दिसणारी खोली दीड हजाराने स्वस्त निघाली.

आता मॅनेजरचे आठ हजार. दोन रात्रींचे १६,०००, दुसऱ्या भावाच्या जवळपास तेवढेच. पण या आकड्यात एक गंमत आहे, आणि ती कळायला कराचा उंबरठा पाहावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ टक्के होता. ७,५०० च्या वर एक रुपया जरी गेला तरी पूर्ण रकमेवर १८ टक्के, वरच्या रुपयावर नव्हे. हॉटेलने छापलेला दर कितीही असो, तुमच्याकडून प्रत्यक्ष घेतलेला भाव धरायचा. नाश्ता खोलीच्या भावातच गुंफलेला असेल तर सहसा सगळ्या रकमेवर खोलीचाच कर लागतो. त्यामुळे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांचा फरक बाराशेवर जातो. कर न दाखवणाऱ्या यादीत या दोन खोल्या शेजारी-शेजारी बसलेल्या असतात.

७,५०० वर ५ टक्के लावले की ७,८७५ होतात. त्याच्या थोडं वर गेलं की १८ टक्क्यांनी थेट ८,८५० ओलांडले जातात. मधल्या पट्ट्यात करासह खोलीचा एकही भाव बसत नाही. मॅनेजरचे ‘करासह आठ हजार’ नेमके त्याच पट्ट्यात आहेत! मग एक तर खोली आणि खाणं तो वेगवेगळं लावणार आहे, आणि त्यात काही गैर नाही. किंवा बिल देण्याचा त्याचा विचार नाही. किंवा निघताना ‘साहेब, टॅक्स वेगळा’ ऐकायला मिळेल. आठ हजार मूळ भाव निघाला तर दोन रात्रींचे १८,८८० होतात. म्हणून फोनवर एवढंच म्हणावं : बिलात खोलीचे किती आणि टॅक्स किती लिहिणार, ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. सरळ माणूस दोन मिनिटांत पाठवतो.

नाश्त्याचा हिशेब माणसागणिक बदलतो. विल्सन पॉइंटला सूर्योदय पाहायचा असेल किंवा ऊन चढायच्या आत प्रतापगड गाठायचा असेल तर बुफे उघडायच्या आतच तुम्ही बाहेर पडलेले असता. वाटेत पोहे, मिसळ, चहा मिळून तिघांचे रोजचे पाचशे धरले, तर ईपीचा भाव १५,०५० वर येतो आणि तोच स्वस्त ठरतो. हॉटेलातला नाश्ता भावात धरलाय म्हणून दहा वाजेपर्यंत डायनिंग हॉलमध्ये रेंगाळणं ही मला तरी सुट्टीची उधळपट्टी वाटते.

पण मग रद्द करण्याच्या अटी पाहाव्या लागतात. साडेसहा हजारांचा भाव ‘नॉन-रिफंडेबल’ आहे, ७,२०० चा ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येतो. बाहेर नाश्ता करून आपण वाचवतो ७७८ रुपये, आणि पणाला लावतो १४,०५०. म्हणजे अठरा सहलींतली एक जरी रद्द झाली तरी बचत पुसली जाते. घरात म्हातारं माणूस, शाळेच्या परीक्षा, ऑफिसात रजेची खात्री नाही, अशांनी हा सौदा करू नये. उद्याच निघायचं असेल तर खुशाल करावा. ‘फ्री कॅन्सलेशन’ लिहिलेलं असलं तरी मुदतीची तारीख आणि वेळ वाचावी, कारण कित्येकदा ती मुक्कामाच्या बऱ्याच दिवस आधीची असते. पैसे खात्यात परत येणार की अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये अडकणार, हेही तिथेच लिहिलेलं असतं. कन्व्हीनियन्स फी बहुधा परत मिळत नाही. हॉटेलवाले थेट बुकिंगला ‘पैसे परत नाही, पण तारीख बदलून देऊ’ म्हणतात. ती सवलत सीझनमध्येही चालेल का, हे विचारून घ्यावं.

मुलांच्या वयाचं आणखी एक कलम असतं. बऱ्याच ठिकाणी पाच वर्षांपर्यंत फुकट, बारापर्यंत कमी भाव आणि त्यापुढे मोठ्या माणसाचा दर. शोधताना ‘दोन मोठे’ एवढंच भरलं की भाव छान दिसतो आणि काउंटरवर गादीचे पैसे मागितले जातात. मुलाचं वय सुरुवातीलाच खरं भरलं तर निदान तुलना तरी खरी होते. गोव्यात २४ आणि ३१ डिसेंबरला अनेक रिसॉर्ट्स ‘गाला डिनर’ सक्तीचं करतात आणि माणशी काही हजार रुपये वेगळे घेतात. तुम्ही साडेनऊला झोपणारे असलात तरी पैसे द्यावेच लागतात, आणि यादीतल्या भावात ते दिसेलच असं नाही.

पैसे भरायच्या पडद्यापर्यंत एकेक आकार हळूच वाढवत नेण्याला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ‘ड्रिप प्रायसिंग’ नाव देऊन फसव्या प्रकारांच्या यादीत टाकलं आहे. न विचारता विमा किंवा देणगी जोडणं हा त्याच यादीतला वेगळा प्रकार. हॉटेलच्या रेस्टॉरंटमधल्या बिलात आपोआप लागलेला सर्व्हिस चार्जही तुम्ही काढायला सांगू शकता. तो सक्तीने लावता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम केलं. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. भरण्याआधीचा शेवटचा पडदा आणि अटींचं पान यांचे स्क्रीनशॉट तेवढे काढून ठेवावेत, कारण बुकिंगनंतर ते पान पुन्हा तसंच दिसेल याचा भरवसा नसतो.