खालून आरपार, वरून भक्कम

नव्वदच्या दशकात टीव्हीला कॅसेटचा व्हिडिओ गेम जोडून ‘कॉन्ट्रा’ खेळलेल्यांच्या बोटांना ती युक्ती अजून आठवत असेल. खालचं बटण दाबून धरायचं, उडीचं बटण दाबायचं, की पायाखालच्या कड्यातून गडी अलगद खालच्या कड्यावर उतरायचा. उलट उडी मारली, तर तोच कडा खालून आरपार जाऊ द्यायचा आणि पाय वर आले की भक्कम व्हायचा. अशा कड्यांना गेम बनवणारे ‘वन-वे प्लॅटफॉर्म’ म्हणतात.

खेळायला सोपी वाटणारी ही फळी बनवताना मात्र दोन जागी हमखास अडते.

पहिली अडचण बाजूची. युनिटी या लोकप्रिय इंजिनात फळीला `Platform Effector 2D` जोडतात आणि तिच्या कोलायडरवर `Used By Effector` ही खूण करतात. खूण राहिली, तर खालूनही डोकं आपटतं. फळीचा कुठला भाग भक्कम मानायचा, हे `Surface Arc` हा कोन ठरवतो. तो मुळात १८० अंश असतो, म्हणजे सरळ वरच्या दिशेपासून दोन्हीकडे ९० अंश. फळीची उभी कड नेमकी ९० अंशांवर येते, त्यामुळे तीही भक्कम ठरू शकते. मग उजवं बटण दाबून उडी मारलेला गडी कडेला थटतो. कोन १६० केला, की दोन्हीकडे ८० अंशच उरतात. कड त्या कक्षेबाहेर जाते आणि वाट मोकळी होते.

दुसरी अडचण उतरण्याची. फळी वरून भक्कमच असल्याने खालचं बटण दाबून काहीच होत नाही. उतरण्याची सोय वेगळी लिहावी लागते. काही जण फळीचा `Rotational Offset` १८० करून तिची दिशाच उलटवतात. पण मग त्याच फळीवर उभा असलेला शत्रूही खाली कोसळतो. त्यापेक्षा फक्त त्या गड्याची आणि त्या फळीची टक्कर तात्पुरती बंद करणं बरं:

```
Physics2D.IgnoreCollision(player, platform, true);
```

ती पुन्हा चालू कधी करायची, यात खरी गोम आहे. समजा, गडी १ युनिट उंच आणि फळी अर्धा युनिट जाड आहे. पूर्ण सुटायला त्याला दीड युनिट खाली जावं लागेल. गुरुत्व ९.८१ धरलं, तर त्याला सुमारे ०.५५ सेकंद लागतात. पाव सेकंदात तो जेमतेम ०.३ युनिट घसरलेला असतो. तेवढ्यात टक्कर चालू केली, तर गडी फळीतच असतो; तो अडकतो किंवा झटक्याने वर फेकला जातो. म्हणून सेकंद मोजण्याऐवजी गड्याचं डोकं फळीच्या खालच्या कडेखाली गेलं का, हे तपासून मगच टक्कर चालू करणं खात्रीचं.

यातही एक मेख आहे. टाइलमॅपमध्ये सगळ्या फळ्या मिळून बहुधा एकच कोलायडर असतो. एका फळीपुरती म्हणून टक्कर बंद केली, की त्याखालचीही आरपार होते आणि एक मजला उतरू पाहणारा गडी थेट तळाला जातो. तिथे प्रत्येक फळीला स्वतंत्र कोलायडर द्यावा लागतो.