प्रश्न आधी, नाव नंतर

“एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?” बाईंनी विचारताच पुढच्या बाकावरचे नेहमीचे दोन हात वर होतात आणि बाकीचा वर्ग विचार करणं सोडून देतो. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, त्यांत कारणं येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. उत्तर आल्यावर लगेच “शाब्बास” न म्हणता पुन्हा तेवढंच थांबलं, तर मुलं स्वतःच पुढे बोलतात.

हात वर नसलेल्यालाही विचारायचं असेल, तर क्रम महत्त्वाचा. आधी प्रश्न, मग तीन सेकंद, मग नाव. नाव आधी घेतलं की उरलेले निर्धास्त होतात. मूल अडखळलं, तर “चार चपातीचे तुकडे काढून बघ” असं सुचवून पुन्हा त्याच्याकडेच यावं. नाव फक्त बेसावध मुलांचंच येऊ लागलं, तर ती शिक्षा वाटते आणि मुलं नजर चुकवू लागतात. पाढ्यांसारख्या पाठ प्रश्नांना मात्र एवढं थांबण्याची गरज नसते.